लाप्लासच्या स्लाइड्स: सातव्या पानावर d/dt जातो कुठे?

पाटावरची_चिमणी
नमस्कार. मी साखळीची, डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या २२ स्लाइड्स पाठवल्या आहेत. सहाव्या स्लाइडपर्यंत सगळं कळतं. ५ व्होल्टचा सप्लाय, एक स्विच, १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सगळे एकामागोमाग. कपॅसिटरवरच्या व्होल्टेजचं समीकरण असं:

```
10 dv/dt + v = 5
```

सातव्या स्लाइडवर एक मोठा बाण, `d/dt → s`, आणि आठव्यावर एकदम उत्तर, `v = 5(1 − e^(−0.1t))`. मधलं काय झालं?

दुसरं म्हणजे, प्रॅक्टिकलला मी कपॅसिटर पूर्ण रिकामा न करताच स्विच दाबला. त्यात २ व्होल्ट शिल्लक होते. स्लाइडचं उत्तर मात्र शून्यापासून सुरू होतं. मग ते सूत्र माझ्या कपॅसिटरला लागत नाही का?

सत्तरीकर
आमच्या वाड्यावरचा ट्रान्सफॉर्मर मे महिन्यापासून असाच गुरगुरतोय. दोनदा अर्ज दिला, कोणी फिरकलं नाही. तुमच्याकडे स्लाइड करून बदलतात हे नवीनच ऐकतोय. कोणाला भेटावं लागतं?

पाटावरची_चिमणी
काका, ट्रान्सफॉर्मर नाही, ट्रान्सफॉर्म. गणितातला.

सत्तरीकर
असं होय. मग बसतो गप्प वाचत.

शॉर्टकट_मास्तर
एवढं डोक्याला लावून घेऊ नकोस. `s` म्हणजे `jω`, फ्रिक्वेन्सी. जिथे d/dt दिसेल तिथे `s` लिहायचा आणि कपॅसिटरच्या जागी `1/sC` हा रेझिस्टर समजायचा. मग नेहमीसारखा व्होल्टेज डिव्हायडर. दोन ओळींत उत्तर. मी डिग्रीची चार वर्षं यावरच काढली.

खारीवाड्याचा_म्हातारा
मास्तर, तुमची चार वर्षं निघाली कारण परीक्षेतले कपॅसिटर रिकामे असतात. चिमणीचा रिकामा नव्हता. तिथेच तुमची युक्ती तिला दगा देईल.

चिमणी, मी वास्कोला जहाजांवरच्या कंट्रोल पॅनलांवर बत्तीस वर्षं काढली. सावकाश सांगतो, वही घेऊन बस.

आधी कपॅसिटरच्या स्वभावाकडे बघ. भरलेला कपॅसिटर त्याच १ मेगाओहममधून रिकामा होऊ दिलास, तर व्होल्टेज `e^(−0.1t)` या चालीने उतरतं. या चालीची गंमत अशी की तिचं डेरिव्हेटिव्ह काढलं तरी चाल तीच राहते, पुढे फक्त −0.1 हा आकडा येऊन बसतो. म्हणजे या एका जातीच्या फंक्शनांसाठी डेरिव्हेटिव्ह घेणं आणि एका आकड्याने गुणणं ही एकच क्रिया. तुझ्या स्लाइडवरच्या बाणाचा जीव एवढ्यात आहे.

सगळी फंक्शनं काही या जातीची नसतात. म्हणून लाप्लासची पद्धत अशी: `v(t)` ला `e^(−st)` ने गुणायचं आणि शून्य सेकंदापासून अनंतापर्यंत इंटिग्रेट करायचं. येतं ते `V(s)`. त्यात `t` उरत नाही, फक्त `s` उरतो. आता `v` च्या जागी `dv/dt` घालून हेच कर. बारावीला शिकलेलं इंटिग्रेशन बाय पार्ट्स लावलं की असं येतं:

```
dv/dt  →  s·V(s) − v(0)
```

`s` ने गुणणं आलं, आणि मागे `v(0)` राहिला. इंटिग्रेशनला दोन टोकं असतात ना? अनंताकडच्या टोकाला `e^(−st)` सगळं चिरडून शून्य करतो. शून्य सेकंदाच्या टोकाला चिरडायला काही नसतं, तिथे त्या क्षणाचं व्होल्टेज तसंच उरतं. ते हे `v(0)`. तुमच्या सरांनी कपॅसिटर रिकामा धरला, म्हणून `v(0)` शून्य झाला आणि बाणावरून गळाला. स्लाइड चूक नाही, पण तिने खरी गोष्ट खिशात घातली.

मास्तरांच्या `jω` बद्दल एवढंच: सप्लाय एसी असेल, स्विच कधीचाच दाबलेला असेल आणि सुरुवातीची धांदल संपलेली असेल, तर `s` च्या जागी `jω` घालून हिशेब जमतो. स्विच दाबल्यानंतरचे पहिले तीस सेकंद बघायचे असतील तर `s` ला `s` च राहू द्यावं. एकक तपासायचं असेल तर `s` हा "दर सेकंदाला" असतो. आपला RC १० सेकंद, म्हणून `10s` ला एकक उरत नाही आणि तो `1` मध्ये बिनदिक्कत मिळवता येतो. गाळलेल्या चुका अशाही सापडतात.

आता तुझा २ व्होल्टवाला कपॅसिटर तूच सोडव आणि इथे टाक.

पाटावरची_चिमणी
काका, केलं. पण उत्तर विचित्र आलंय.

```
10(sV − 2) + V = 5
V = 25/(10s + 1) = 2.5/(s + 0.1)
v = 2.5 e^(−0.1t)
```

हे २ नाही, २.५ पासून सुरू होतं, आणि शेवटी शून्यावर जातं! सप्लाय जोडलेला असताना कपॅसिटर रिकामा कसा होईल?

खारीवाड्याचा_म्हातारा
शाबास. उत्तराकडे बघून ते खोटं आहे हे ओळखलंस, निम्मं काम झालं. डावी बाजू बरोबर आहे, चूक उजवीकडे आहे. डावीकडचं सगळं `s` च्या गावात नेलंस आणि ५ व्होल्टला अलीकडेच ठेवलंस. स्विच दाबल्यापासून कायम राहणारे ५ व्होल्ट पलीकडे गेले की `5/s` होतात.

नुसता `5` लिहिलास तर त्याचा अर्थ वेगळा होतो: स्विच दाबताक्षणी सप्लायने एक जबर टोला दिला आणि लगेच शून्य झाला. त्या टोल्याने कपॅसिटर ५ भागिले १०, म्हणजे अर्धा व्होल्ट चढतो. म्हणून २ चे २.५ झाले. नंतर सप्लाय नाहीच, म्हणून उतरत गेला. म्हणजे तुझं उत्तर चुकीचं नाही, भलत्याच सर्किटचं बरोबर उत्तर आहे.

पाटावरची_चिमणी
अरे देवा! परत केलं.

```
10(sV − 2) + V = 5/s
V = (5 + 20s) / (s(10s + 1))
  = 5/s − 3/(s + 0.1)
v = 5 − 3e^(−0.1t)
```

`t = 0` ला २ आले. खूप वेळाने ५. आणि १० सेकंदांना ३.९ व्होल्ट. जमलं ना?

खारीवाड्याचा_म्हातारा
जमलं. यात कॅल्क्युलस कुठे वापरलंस सांग. आठवीतल्या पोरीसारखं `V` एका बाजूला घेतलंस आणि अपूर्णांक फोडलास. शेवटी लाप्लासच्या तक्त्यात बघून `s` मधून `t` मध्ये परत आलीस.

म्हापशाची_गणितवाली
मी अकरावी-बारावीला गणित शिकवते, म्हणून राहवत नाही. या समीकरणाला लाप्लास कशाला? `dv/(5 − v) = dt/10`, दोन्ही बाजू इंटिग्रेट, सुरुवातीला २ घाला, झालं. तीन ओळी. मुलांना अनंतापर्यंतच्या इंटिग्रेशनात ढकलायचं, मग तक्ता पाठ करायला लावायचा, आणि वर म्हणायचं सोपं केलं!

खारीवाड्याचा_म्हातारा
बाई, एका कपॅसिटरला तुमचंच बरोबर. भाजी चिरायला कोयता आणल्यासारखंच आहे हे. पण यापुढे दुसरा रेझिस्टर आणि दुसरा कपॅसिटर जोडा, तुमची मांडणी तिथेच अडते, कारण दोन `v` एकमेकांत गुंततात. `s` च्या गावात मात्र तीच दोन अज्ञातांची दोन समीकरणं. किंवा सप्लाय तीन सेकंद चालू, दोन सेकंद बंद असा करा आणि बघा किती पानं लागतात.

म्हापशाची_गणितवाली
दोन कपॅसिटरचं मान्य. पण मग स्लाइडवर दोन कपॅसिटरच घ्यावेत. जिथे गरज नाही तिथे हत्यार दाखवलं की मुलाला हत्याराचाच कंटाळा येतो. माझं मत मी बदलणार नाही.

खारीवाड्याचा_म्हातारा
बदलू नका. माझंही बदलत नाही. उत्तर आधीच माहीत असलेल्या गणितावर नवं हत्यार चालवून बघितलं की त्यावर विश्वास बसतो, असं मला वाटतं.

जाता जाता एक. हे वीजवाल्यांत रुळवलं ते ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या, एकेकाळी तार कंपनीत ऑपरेटर असलेल्या माणसाने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. तो d/dt च्या जागी सरळ `p` लिहायचा आणि त्याने भागाकारही करायचा. सिद्धता विचारणाऱ्या गणितज्ञांशी त्याचं कधी पटलं नाही. लाप्लासच्या इंटिग्रलवर ती पद्धत नीट बसवली गेली ती नंतर. आपले मास्तर त्याच घराण्यातले.

शॉर्टकट_मास्तर
हा टोमणा की कौतुक, कळलं नाही, पण घेतो. `v(0)` चं मात्र मान्य, ते मी विसरूनच गेलो होतो.

पाटावरची_चिमणी
आज लॅबमध्ये परत करून पाहिलं, या वेळी कपॅसिटर पूर्ण रिकामा करून. सप्लाय मीटरवर बरोबर ५.०० दाखवतो. कपॅसिटरला मीटर लावून मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू केलं. १० सेकंदांना ३.१६ यायला हवे होते, ३.०२ आले. दोन मिनिटं थांबले तरी ४.५३ च्या वर जाईना. इन्स्ट्रक्टर म्हणाले, कपॅसिटर खराब आहे, दुसरा घे. दुसऱ्यानेही ४.५३ च. दोन्ही सारखेच खराब कसे असतील?

शॉर्टकट_मास्तर
इलेक्ट्रोलिटिकवर २० टक्के कमी-जास्त चालतं गं. तेच असणार.

खारीवाड्याचा_म्हातारा
नाही मास्तर. कपॅसिटर २० टक्के लहान-मोठा असला तर तो लवकर किंवा उशिरा भरेल, पण शेवटी ५ वरच पोचेल. शेवटचा आकडा खाली आलाय म्हणजे करंट कुठेतरी सतत वाहून जातोय.

चिमणी, तुझा मीटर डिजिटल ना? त्यांचा आतला रेझिस्टन्स बहुधा १० मेगाओहम असतो. एरवी तो जमेत धरायची गरज नसते, पण तुझ्या सर्किटचा रेझिस्टरच १ मेगाओहमचा. तू मीटर लावलास म्हणजे कपॅसिटरला समांतर एक रेझिस्टर जोडलास. समीकरणात एकच गोष्ट बदलते, `v` च्या पुढचा 1 आता 1.1 होतो, कारण मीटरमधून `v` च्या दहाव्या हिश्श्याइतके मायक्रोअँपिअर वाहून जातात:

```
10 sV + 1.1 V = 5/s
V = 5 / (s(10s + 1.1))
v = 4.545 (1 − e^(−0.11t))
```

यात `t = 10` घाल. ३.०३ येतात. तुला ३.०२ दिसले. शेवटचे ४.५४५, तुला ४.५३. इन्स्ट्रक्टरांनी बिचाऱ्या कपॅसिटरला उगाच बदनाम केलं.

`V` मध्ये हे सगळं आधीच लिहिलेलं असतं बघ. खालचा `10s + 1.1` शून्य केव्हा होतो? `s = −0.11` ला. म्हणजे सर्किटची चाल `e^(−0.11t)`. उलटं फिरवायच्या आधीच वेग कळला.

कुळागरवाला
मी सावईवेऱ्याचा. गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, पण कपॅसिटरचं चाललंय म्हणून विचारतो. आमच्या कुळागरात पंप बंद करायला पुतण्याने एक टायमर करून दिला. ५५५ ची चिप, १२ व्होल्टची बॅटरी, १ मेगाओहम आणि १००० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर. म्हणाला, १८ मिनिटांनी पंप बंद होईल. सकाळी लावला तर २७ मिनिटं घेतो. दुपारी लावला तर बंदच होत नाही! परवा पोफळींच्या आळ्यांतून पाणी शेजाऱ्याच्या पाटात. तीन चिपा बदलल्या. पंप-शेड पत्र्याची आहे, त्याचं काही असेल का?

सत्तरीकर
हा प्रश्न मला कळला. मीही थांबतो.

खारीवाड्याचा_म्हातारा
पत्र्याचंच आहे, आणि धागा भरकटलेला नाही. चिमणी, हे तुझंच सर्किट आहे, फक्त मीटरच्या जागी कपॅसिटरची स्वतःची गळती बसलीय.

५५५ काय करते? कपॅसिटर शून्यापासून भरत जातो आणि बॅटरीच्या दोन-तृतीयांशाला, म्हणजे ८ व्होल्टला पोचला की ती आउटपुट बंद करते. गळती नसेल तर त्याला १.१ गुणिले RC, म्हणजे ११०० सेकंद लागतात. पुतण्याची १८ मिनिटं तीच.

आता मोठ्या इलेक्ट्रोलिटिकमधून थोडा करंट सतत झिरपतो. ती गळती ३ मेगाओहमच्या रेझिस्टरसारखी धरू. मग कपॅसिटर १२ कडे नव्हे, ९ व्होल्टकडे चढतो, आणि RC १००० ऐवजी ७५० सेकंदांचा होतो. ९ कडे जाताना ८ गाठायला किती वेळ?

```
t = 750 · ln(9) = 1648 s
```

साडेसत्तावीस मिनिटं. तुमच्या सकाळच्या २७ ला जवळजवळ लागूनच.

दुपारी पत्रा तापला, कपॅसिटर तापला, गळती वाढली. ती २ मेगाओहमच्या खाली आली की कपॅसिटर जिथे थांबणार ती पातळीच ८ च्या खाली जाते. मग चिप जन्मभर वाट बघत बसते. पुतण्याला सांगा, ८ व्होल्टला १ मेगाओहममधून फक्त ४ मायक्रोअँपिअर येतात. एवढा करंट असला कपॅसिटर तापल्यावर सहज गिळतो. चिप दहा वेळा बदलली तरी फरक पडायचा नाही.

पाटावरची_चिमणी
म्हणजे वेळ आधी लांबत जातो आणि मग एकदम अनंत होतो? मी गळतीचे आकडे घालून पाहिले. ३ मेगाओहमला २७ मिनिटं, २.२ ला ४०, २.०५ ला जवळजवळ ५४. आणि २ ला `ln` च्या आत भागिले शून्य!

खारीवाड्याचा_म्हातारा
अगदी तेच. एक सावधगिरी मात्र. गळतीला मी रेझिस्टर धरलं ही सोय आहे. खरी गळती व्होल्टेजबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही, आणि कपॅसिटर बरेच दिवस वापरात नसला तर सुरुवातीला जास्त गळतो. लाप्लासला सरळ प्रमाणच चालतं. कपॅसिटरला समांतर एखादा एलईडी लावलास तर त्याचा करंट व्होल्टेजबरोबर उसळ्या मारतो, आणि मग `V` एका बाजूला घेऊन सोडवायचा खेळ तिथेच बंद पडतो. म्हणून माझा ३ मेगाओहम हा अंदाज समज, मोजमाप नाही.

म्हापशाची_गणितवाली
हे उदाहरण मात्र मी वर्गात वापरणार. सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्सनेच सोडवीन, पण वापरणार.

कुळागरवाला
ते सगळं ठीक, पण पंप बंद कसा करू? ४.७ मेगाओहम घालू का, लहान कपॅसिटर चालेल म्हणजे?

खारीवाड्याचा_म्हातारा
वरचा रेझिस्टर मोठा केलात की कपॅसिटरकडे येणारा करंट अजून रोडावतो. कपॅसिटर लहान झाला की गळतीही कमी होते हे खरं, पण पत्र्याच्या शेडमध्ये, बोर्डावर धूळ आणि दमट हवा असताना ४.७ मेगाओहमचा भरवसा मी देणार नाही. ५५५ कडून दोन-पाच मिनिटांच्या पुढचं काम घेऊच नये. `CD4060` ही चिप घ्या. ती लहान कपॅसिटरवर सेकंदाला सात-आठ ठोके मारते आणि ते ठोके मोजत बसते. ८१९२ ठोके झाले की शेवटची पिन वर येते, म्हणजे तुमची १८ मिनिटं. कपॅसिटर साधा प्लास्टिक फिल्मचा घ्या, त्याला गळती जवळपास नसते. बॅटरी १२ चीच राहू द्या.

पाटावरची_चिमणी
काका, एक राहिलं. मीटरचे १० मेगाओहम धरून ४.५४५ यायला हवे, मला ४.५३ दिसतात. उरलेला फरक कपॅसिटरच्या गळतीचा का?

खारीवाड्याचा_म्हातारा
असेल, किंवा रेझिस्टर तीन-चार टक्के जास्त असेल, किंवा मीटर बरोबर १० मेगाओहमचा नसेल. तीन संशयित आहेत. एक युक्ती करून बघ. मीटर काढून ठेव, कपॅसिटर दोन मिनिटं सप्लायला तसाच राहू दे, मग मीटरची टोकं टेकव आणि पहिला आकडा लिहून घे. गळती नसेल तर तो ५ च्या अगदी जवळ दिसेल आणि मग डोळ्यांदेखत ४.५ कडे घसरेल. पहिलाच आकडा बराच खाली असेल तर कपॅसिटर स्वतः गळतोय.

पाटावरची_चिमणी
केलं. तीनदा. पहिला आकडा ४.९७, ४.९६, ४.९७. मग घसरत घसरत ४.५३.

खारीवाड्याचा_म्हातारा
मीटर आकडा दाखवायला अर्धा-एक सेकंद घेतो, तेवढ्यात दोन-पाच शतांश व्होल्ट घसरतातच. म्हणजे फार गळती नाही. थोडी आहे का, हे या मीटरने सांगता येणार नाही.

शॉर्टकट_मास्तर
मग उरला रेझिस्टर. मी म्हणतच होतो टॉलरन्स!

पाटावरची_चिमणी
तो लॅबमध्ये बोर्डावर सोल्डर केलेला आहे सर, सोडवून मोजायला देत नाहीत.

कुळागरवाला
ती `4060` फोंड्याला मिळते का कुठे? बुधवारी बाजाराला जातोय. पुतण्या म्हणतो ऑनलाइन मागव, पण तोपर्यंत पंपापाशी मलाच घड्याळ घेऊन बसावं लागतं.